चौथा शनिवार, उद्यमबाग, बेळगाव

"आमच्या निपाणीतही वर्कशॉपवाल्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवायचं आहे. कुणाकुणाला बोलवायचं, आणि तुम्ही दोघांची गाठ नेमकी कशी घालून देता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुरुवातीला सहा-सात जण पुरेत, मात्र सगळे एकाच कामाचे नकोत. सगळे लेथवाले जमले तर गप्पा रेटवरच अडकतात, कारण एकमेकांना देण्यासारखं कुणाकडं काही नसतं. एक टर्निंगवाला, एक ग्राइंडिंगवाला, एक फाउंड्रीवाला, एक हीट ट्रीटमेंटवाला, एक मापं तपासणारा असं जमवा.

वार आम्ही नकार देत देत ठरवला. पहिल्या आठवड्यात पगार. दुसऱ्या आठवड्यात ११ तारखेचं जीएसटी रिटर्न, नंतर २० तारखेचं. चौथ्या शनिवारी ही दोन्ही मागं पडलेली असतात आणि बँकही बंद असते. कधी तो २८ तारखेला येतो आणि महिनाअखेरीच्या डिस्पॅचमुळं निम्मे जण गळतात. तरी दिवस हलवायचा नाही. एकदा हलवला की "या वेळी कधी आहे?" असे फोन सुरू होतात.

बैठकीत प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या: काय अडलंय आणि काय मोकळं आहे. मी वहीत लिहून घेतो. गिऱ्हाइकाचं नाव आणि रेट टेबलावर काढायचा नाही. गिऱ्हाईक पळवलं जाईल ही भीती असते तोवर खरी अडचण कुणी बोलत नाही.

आता गाठ घालण्याचं. मच्छेच्या एका टर्निंगवाल्याकडं २५ मिलीमीटरच्या पिनांची ऑर्डर होती. फायनल ग्राइंडिंग २० मायक्रॉनच्या आत पाहिजे होतं आणि त्याच्या नेहमीच्या माणसाला सवड नव्हती. वहीत उद्यमबागेतल्या एका ग्राइंडिंगवाल्या अण्णांची दुसरी शिफ्ट रिकामी दिसत होती. अशा वेळी हात लगेच नंबर पाठवायला जातो. तो आवरायचा. आधी टर्निंगवाल्याला विचारलं: लांबी किती, नग किती, कधी पाहिजेत, हार्डनिंग आहे का, ग्राइंडिंगला माल किती ठेवलाय? मग अण्णांना नाव न सांगता विचारलं, "असं काम आहे, घेणार काय?" नाही म्हणायचं असेल तर ते माझ्याशी म्हणणं सोपं जातं, समोरच्याशी म्हणायचं झालं तर संकोचानं हो म्हणतात आणि काम लटकतं. अण्णा म्हणाले, "व्यासावर अर्धा मिलीमीटर ठेवलाय तर वेळ फार जातो. पाव मिलीमीटरच ठेवायला सांगा, घेतो."

टर्निंगवाल्यानं ते मान्य केल्यावरच दोघांना एकत्र मेसेज टाकला: "यांच्याकडं पिना आहेत, यांच्याकडं दुसरी शिफ्ट मोकळी आहे. आधी दहा नग करून बघा. रेट, चलन तुमचं तुम्ही ठरवा." इथं मी बाजूला झालो. रेटमध्ये पडलात तर तुम्ही एजंट झालात. उद्यमबागेत कमिशनवाले पुष्कळ आहेत, म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की कुणाकडून काही घेणार नाही. ते सांगितल्याशिवाय लोक तुमच्या प्रत्येक फोनमागं टक्केवारी शोधतात.

दोन आठवड्यांनी दोघांना वेगवेगळा फोन करायचा, हे मात्र चुकवू नका. टर्निंगवाला म्हणाला, "अण्णांच्या मशीनवर पिना गोल येत नाहीत, दहातल्या चार गेल्या." अण्णा म्हणाले, "मशीन बरोबर आहे, माल खराब आलाय." कोण खरं हे मी ठरवलं नाही. संध्याकाळी दोघांना मशीनपाशी उभं केलं. अण्णांनी मराठीत सुरुवात केली, चिडल्यावर कन्नडमध्ये गेले, टर्निंगवालाही तितक्याच सहज कन्नडमध्ये उतरला. पिन दोन सेंटरवर धरून घासतात, त्यामुळं टोकांची सेंटर होल बिघडली की पिन वाकडीतिकडी फिरते आणि घासूनही गोल होत नाही. अण्णांनी भिंग देऊन दाखवलं: हीट ट्रीटमेंटनंतर भोकांत काळी पापडी राहिली होती आणि कडेला धातूचा खरखरीत बर होता. भोकं लॅप करून साफ केली, पुढचे नग मापात आले. आता पिना पाठवण्याआधी तो भोकं तपासतो आणि अण्णाही घेताना बघतात.

असा फोन केला नसता तर दोघंही गप्प राहिले असते आणि पुढच्या शनिवारी एकही आला नसता. बैठका बहुतेक अशाच मोडतात. भांडण होत नाही, माणसं नुसती यायची थांबतात. दोन बैठका कुणी चुकवल्या तर मी विचारतो, "मागं जुळवून दिलेलं काम कसं चाललंय?" का आला नाहीस, असं विचारलं तर कारण मिळतं; कामाचं विचारलं तर खरं कळतं.

निपाणीत हीट ट्रीटमेंटवाला मिळाला नाही तर कोल्हापूरचा किंवा इचलकरंजीचा बोलवा, दोन्ही फार लांब नाहीत. आणि वही कुणा एकाकडंच ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुणाकडं ग्राइंडिंग मोकळं आहे का?" असं टाकलं की त्याखाली सुप्रभातचे फोटो येतात.