ठाण्याला शाखा का नाही?

"काका, दादरला तुमच्याकडे एवढी गर्दी असते. ठाण्याला दुसरी शाखा का काढत नाही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. संध्याकाळी कोथिंबीर वडी न्यायला येणाऱ्यांत ठाणे-डोंबिवलीची माणसं पुष्कळ. अंधेरीहून वेस्टर्नने येतात, दादरला गाडी बदलायची असते, तेवढ्यात पुलावरून उतरून आमच्याकडे डोकावतात. ठाण्यात दुकान काढलं तर यातलेच बरेच जण तिथे घेतील. गल्ला इथला तिथे जाईल, वाढणार मात्र थोडाच.

हिशोब करून बघा. ठाण्याचं भाडं ९०,००० धरा, चार माणसांचे पगार ७२,०००, वीज आणि किरकोळ २८,०००. महिन्याला १,९०,००० झाले. शंभराच्या विक्रीत माल, तेल, गॅस, पॅकिंग जाऊन पन्नास उरत असतील, तर नुसता खर्च निघायला ३,८०,००० ची विक्री हवी. पण त्यातली एक तृतीयांश दादरहूनच सरकलेली असेल, तर खरा आकडा ५,७०,००० होतो, म्हणजे रोजचे १९,०००. डिपॉझिट आणि फर्निचर यात धरलेलंच नाही.

दादरला भाडं ठरलेलं आहे. इथे रोज ४,००० ची जादा विक्री झाली तर महिन्याला ६०,००० उरतात. एक माणूस वाढवला तरी ४२,००० हातात राहतात.

ते ४,००० कुठून येणार, हे बिलिंग मशीनचा तासावार रिपोर्ट सांगतो. सहा ते आठमधल्या बिलांची संख्या सोमवारी आणि शुक्रवारी जवळपास तेवढीच दिसली, तर गिऱ्हाईक कमी नाही, काउंटर कमी पडतंय असं समजायचं. गाडी पकडायची असलेला माणूस रांग बघून तसाच पुढे जातो, आणि त्याचं बिल कुठल्याच रिपोर्टात येत नाही. त्यासाठी पाव किलोची पाकिटं आधीच भरून वेगळ्या काउंटरवर ठेवायची, स्कॅन करा आणि न्या. दुपार रिकामी असते. ती आसपासच्या घरांसाठी. न तळलेले वडीचे उंडे आणि भाजणी फोनवर ऑर्डर घेऊन पोचवायची. एका वेळी एकच जिन्नस वाढवायचा. आठवडाभर रात्री तो उरायला लागला, तर बंद करायचा, कारण टाकून दिलेल्या मालात सगळा फायदा जातो.

हे सगळं करूनही संध्याकाळची रांग हटली नाही, आणि वडीची चव सांभाळून दुकान उघडणारा-बंद करणारा विश्वासाचा माणूस तयार झाला, तर मी शाखा नक्की काढेन. पण ठाण्यात नाही, चेंबूरला. हार्बरच्या गाड्या दादरला येत नाहीत, त्यामुळे तिथलं बहुतेक गिऱ्हाईक नवं असेल.