एक शिडी, तीन कामं आणि दुसरा निरोप

आमच्या संस्थेच्या सभागृहाची व्यवस्था माझ्याकडे असते. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, किल्ल्या ही रोजची कामं, आणि वर्षातून एकदा उत्सवाची सजावट. सजावटीला पगारी माणसं नसतात. बावीस स्वयंसेवक आपापली नोकरी, कॉलेज, घर सांभाळून आदल्या दिवशी येतात आणि एका संध्याकाळात सभागृह सजवतात. त्यांना काम वाटून देणारा निरोप ग्रुपवर टाकायची जबाबदारी माझी. त्या वर्षी तो निरोप मी तीन दिवस आधी, रात्री उशिरा, एका दमात लिहून टाकला. तो असा होता:

«नमस्कार मंडळी. शनिवारी दुपारी ३ वाजता सगळ्यांनी सभागृहात जमायचं आहे. मंचामागचा पडदा, दोन्ही भिंतींवर दिव्यांच्या माळा, फुलांच्या माळा आणि मधल्या मोकळ्या जागेत फुलांची नक्षी, अशी कामं आहेत. पडद्याला ३४ मीटर कापड लागेल. फुलं, दोरा, सुतळी, कात्री ज्यांना जमेल त्यांनी आणावी. रात्री ९ पर्यंत आटोपू. वेळेवर या.»

खाली अठरा अंगठे आले. मी निश्चिंत झाले.

शनिवारी तीनला माणसं वेळेवर आली, सगळीच्या सगळी. आणि पहिल्या दहा मिनिटांत काय चुकलंय ते दिसायला लागलं. कात्र्या अकरा आल्या होत्या, सुतळीचं एकही बंडल नव्हतं. ‘ज्यांना जमेल त्यांनी’ असं लिहिलं की प्रत्येक जण घरात हाताशी असलेली वस्तू उचलतो, आणि जी विकत आणावी लागते ती कोणीतरी आणेलच असं धरून चालतो. यात त्यांचा काही दोष नव्हता. मी कुणाचं नावच लिहिलं नव्हतं.

शिडी एकच होती. पडद्याची मंडळी, दिव्यांची मुलं आणि फुलांच्या माळा चढवणारे, तिघांनाही ती तीनलाच हवी होती. दिव्यांच्या मुलांनी आधी पकडली. मोठ्या हौसेने मंचाच्या दोन्ही अंगांना चार माळा लावूनही टाकल्या. पडद्याचा बांबू तिथूनच जाणार होता, त्यामुळे कापड मागे आणि दिवे पुढे येण्याऐवजी दिवे कापडाच्या आड गेले असते. शिवाय माळा लांबच्या कोपऱ्यातून सुरू केल्या होत्या, त्यामुळे पिनचं टोक बोर्डापासून सर्वांत दूर, छताजवळ लोंबकळत होतं. एक माळ तर अर्धीच पेटत होती, आणि ते चढवल्यावर कळलं. चारही उतरवाव्या लागल्या.

तोवर फुलं दाराशी पोचली होती. पाच प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडं घट्ट बांधलेली, आणि त्यावर तिरकं ऊन. मी एक पिशवी सोडून आत हात घातला तर आतली फुलं कोमट लागली. तोडलेलं फूल जिवंतच असतं, ते श्वास घेतं आणि त्यातून ऊब तयार होते. बांधलेल्या पिशवीत ती ऊब आणि ओल कोंडून राहते. वरची फुलं ताजी दिसतात, पण मधल्यांच्या पाकळ्या चिकट होऊन एकमेकींना धरायला लागतात. फुलांना कुणी तीनला बोलावलं होतं? मीच. ‘सगळ्यांनी तीनला’ यात फुलंही आली.

चार वाजता सभागृहात बावीस माणसं होती आणि त्यातली सात-आठच काहीतरी करत होती. बाकीची उभी, थोडी अवघडलेली. एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मी आत्ता घरी जाऊन सहाला आले तर चालेल का? म्हणजे काम असेल तर थांबते गं.” रजा टाकून आलेल्या होत्या त्या. मला ते फार लागलं.

मी सगळ्यांना दहा मिनिटं चहाला पाठवलं आणि मंचाच्या पायरीवर बसून दुसरा निरोप लिहिला.

लिहायला घेताना आधी एकच प्रश्न मनात धरला: कोणत्या कामाला कोणत्या कामासाठी थांबायचं आहे? सजावटीत हे बहुतेक ठरलेलंच असतं. मागचं आधी, पुढचं नंतर. वरचं आधी, जमिनीवरचं सर्वांत शेवटी. शिडी हलत असेपर्यंत जमिनीवर काही मांडता येत नाही. म्हणजे खरं वेळापत्रक माणसांचं नव्हतंच, ते शिडीचं होतं. शिडी कुणाकडे किती वाजेपर्यंत, हे एका ओळीत लिहिलं की बाकीच्या वेळा आपोआप त्यामागे लागतात. निरोप असा झाला (नावं इथे देत नाही, पण प्रत्येक कामापुढे एकच नाव होतं):

«दु. ४:१० चा निरोप. आधीचा धरू नका, हाच शेवटचा.
शिडी: ६ पर्यंत पडदा, ६ ते ७:१५ दिवे, ७:१५ ते ८:३० फुलांच्या माळा. ८:३० ला शिडी मागच्या खोलीत. शिडीवर एक, खाली धरायला एक, कायम.
पडदा: चौघं, आत्ता सुरू. प्रमुख अमुक.
दिवे: तिघं. ६ पर्यंत प्रत्येक माळ जमिनीवर पेटवून बघा, बंद असलेली बाजूला ठेवा. पिनचं टोक बोर्डाकडे. वायरचं रीळ पूर्ण उलगडूनच वापरा. प्रमुख अमुक.
फुलं: सहा जणी, आत्ता सुरू. पिशव्या सोडून सावलीत ओल्या कापडावर पसरा, मग माळा ओवा. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ४ फूट, पण माळ पावणेपाच फुटांची करा, म्हणजे मधे फूटभर झोळ येईल. अशा १०. प्रमुख अमुक.
सुतळी २ बंडलं आणि मोठ्या सेफ्टी पिना ५०: अमुक आणेल, ५ वाजता मंचाजवळ हातात.
जमिनीवरची नक्षी: तिघी, ८:३० ला इथे. आत्ता घरी जा.
बाकी सहा जण: ८ ला या, आवराआवर आणि खुर्च्या.
अंगठा नको. आपलं काम आणि वेळ स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवा.»

शेवटची ओळ मी घाईत घातली होती, पण त्या दिवशी सर्वांत उपयोगी तीच पडली. अंगठ्याचा अर्थ फक्त ‘दिसलं’ एवढाच. स्वतःच्या शब्दांत लिहिलं की समजुतीतला फरक उघडा पडतो. सुतळीवाल्या दादाचं उत्तर आलं: «सुतळी आणि पिना, ५ ला निघतो.» मला पाचला हातात हव्या होत्या. तो पाचला निघणार म्हणजे पावणेसहा, आणि तोवर पडदा पिनांवाचून अडला असता. एका फोनमध्ये ते सुटलं, तो लगेच निघाला. नक्षीच्या मुलींपैकी एकीने लिहिलं, «८:३० पर्यंत नक्षी पूर्ण.» तिला वाटलं होतं ती संपवायची वेळ आहे. तेव्हापासून मी ‘पोचायचं’ आणि ‘संपवायचं’ हे शब्द वेळेच्या पुढे लिहिते. नुसता आकडा कधीच लिहीत नाही.

पडद्याचं मात्र निरोपाने सुटणारं नव्हतं. मंचामागची जागा २४ फूट रुंद. नुसतं सपाट कापड लावलं तर भिंतीला चादर टांगल्यासारखं दिसतं, म्हणून चुण्यांसाठी दीडपट धरायचं, म्हणजे ३६ फूट. मी ४४ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, धरून हिशेब केला होता: दहा पट्ट्या. उंची १० फूट, वर बांबूवरून वळवायला आणि खाली दुमडायला मिळून एक फूट, म्हणजे प्रत्येक पट्टी ११ फुटांची. एकूण ११० फूट, सुमारे ३४ मीटर. हिशेब बरोबर, पण निरोपात फक्त ३४ मीटर गेलं, पन्हा गेलाच नाही. पडद्याच्या ताईंनी मनापासून निवडून सुंदर कापड आणलं, ३६ इंच पन्ह्याचं. लांबी पुरी, पट्ट्याही दहाच निघाल्या, पण सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ३० फूट. दीडपटीऐवजी सव्वापट.

ताईंचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, पन्हा मी लिहिला नव्हता, मी लिहिलं तेच तुम्ही आणलंत. मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. सगळीकडे सारख्या चुण्या घातल्या तर सगळीकडेच विरळ दिसणार. त्याऐवजी लोकांची नजर जिथे असते त्या मधल्या १२ फुटांना सहा पट्ट्या दिल्या, म्हणजे तिथे पुरी दीडपट. उरल्या चार. दोन्ही कडांना सहा-सहा फूट, प्रत्येकी दोन पट्ट्या, अगदी सपाट, काठाला काठ लावून. त्या जोडांवर फट दिसत होती. त्यावर ताईंनीच उपाय काढला: भिंतींवरच्या दिव्यांच्या माळांतली एकेक माळ कमी करून ती जोडावर उभी सोडायची. सव्वासहाला त्या शेवटची पिन टोचून मागे सरकल्या, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, “मुद्दाम केल्यासारखं वाटतंय.” खरंच वाटत होतं.

पडदा पंधरा मिनिटं उशिरा संपला, पण दिव्यांच्या मुलांनी माळा तपासून ओळीने मांडून ठेवल्या होत्या, त्यांनी तो वेळ भरून काढला. बारांपैकी दोन माळा बाजूला निघाल्या, जमिनीवरच. फुलांतली एक पिशवी मात्र वाचली नाही. मधली फुलं काळपट पडली होती, ती टाकावी लागली, आणि दहाऐवजी आठच माळा झाल्या. दाराजवळचे खांबांमधले दोन गाळे मोकळे राहिले. मला ते दुसऱ्या दिवशीही प्रत्येक वेळी आत शिरताना दिसत होते.

साडेआठच्या जरा आधी नक्षीच्या तिघी परड्या घेऊन दारात आल्या. आत पाय टाकला नाही. एकीने विचारलं, “शिडी गेली का?” शेवटची माळ बांधून दोघांनी शिडी आडवी केली, मागच्या खोलीत नेली, आणि मी ग्रुपवर दोन शब्द टाकले: «शिडी गेली.» तिघी मधोमध बसल्या आणि तिथून सुरुवात करून मागे मागे सरकत दाराकडे निघाल्या, म्हणजे केलेल्यावर कुणाचा पाय पडू नये. मी भिंतीच्या कडेने जाऊन मोठे दिवे बंद केले आणि फक्त माळा सुरू ठेवल्या. दुपारच्या त्या काकू खुर्च्या लावायला आठला परत आल्या होत्या, त्या दाराबाहेर उभ्या राहून बघत होत्या. शेवटची मुलगी उंबऱ्यापाशी उठली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती.