आमची वाटचाल : पाठ उघडण्याआधीची वीस मिनिटं

रत्नागिरीतलं आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान पिक्चर ट्यूबच्या काळात सुरू झालं. तेव्हा ‘आवाज मोठा केला की खरखरतो’ अशी तक्रार आली की सरळ पाठ उघडायची, हा शिरस्ता होता. त्यात वावगंही नव्हतं. लांबट, कागदी पडद्याचा स्पीकर समोरच दिसायचा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद मऊ पडायचा, मॅग्नेटच्या फटीत गंज धरायचा. टॉर्च मारला की निदान हातात.

त्या काळातही एक खरखर स्पीकरची नसायची. टीव्हीच्या पडद्यावर पांढरीशुभ्र अक्षरं आली की आवाजात भुणभुण सुरू व्हायची आणि अक्षरं गेली की थांबायची. ॲनालॉग केबलवर चित्र आणि आवाज एकाच चॅनलमधून, साडेपाच मेगाहर्ट्झच्या अंतरानं यायचे. ट्यूनिंग थोडं सरकलं किंवा केबलवाल्याकडून सिग्नल चुकीच्या पातळीवर आला की चित्राची घाण आवाजात उतरायची. तेव्हा नवा स्पीकर बसवूनही ती भुणभुण तशीच राहायची.

पुढे केबल डिजिटल झाली, ट्यूब जाऊन पातळ एलईडी संच आले आणि काम उलटं झालं. आता मागचं झाकण काढणं ही शेवटची पायरी. पातळ पॅनल टेबलावर पालथा घालताना दाब पडला तर पडदाच तडकतो, आणि आवाजाच्या तक्रारीपायी पॅनल गमावणं कुणालाच परवडत नाही. म्हणून संच भिंतीवर असतानाच वीस मिनिटं तपासणी होते.

सुरुवात इअरफोननं. संचाला इअरफोनचं भोक असेल तर ज्या कार्यक्रमात खरखर येते तोच लावून ऐकायचा. इअरफोनमध्येही आवाज फाटत असेल तर स्पीकर निर्दोष असू शकतो. दोष सेट-टॉप बॉक्समध्ये, वायरीत, सेटिंगमध्ये किंवा मूळ प्रक्षेपणात आहे. इअरफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरवर फाटका, तर संशय ॲम्प्लिफायर, त्याचा वीजपुरवठा आणि स्पीकर या तिघांवर येतो. मग बॉक्स बाजूला ठेवून पेन ड्राइव्हवरचं ओळखीचं, स्वच्छ गाणं लावायचं. आमच्या पेन ड्राइव्हवर एक बोलण्याचा तुकडा, एक तबला आणि १०० पासून ५०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सलग सूर आहे. हा सूर मध्यम आवाजातच वाजवायचा. फुल आवाजात सलग सूर धडधाकट स्पीकरची कॉइलही जाळतो.

सेटिंगची खरखर आणि स्पीकरच्या फाटक्या पडद्याची खरखर कानाला वेगळी लागते. सेटिंगमुळे येणारी खरखर ठरावीक आवाजानंतरच सुरू होते, दोन्ही बाजूंना सारखी असते आणि मुख्यतः ठेक्यावर येते. पातळ संचातला स्पीकर साधारण आठ-दहा वॅटचा, पडदा जेमतेम दोन बोटं रुंद. दीडशे-दोनशे हर्ट्झखालचा आवाज तो धड काढूच शकत नाही. तरीही बेस वाढवला की पडदा नुसताच लांब लांब हलतो. बेस सहा डेसिबल वाढवला तर तेवढ्या भागासाठी ॲम्प्लिफायरला चौपट ताकद द्यावी लागते; ती संपली की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि तेच आपल्याला फाटकं ऐकू येतं. त्यामुळे साउंड मोड ‘स्टँडर्ड’वर आणायचा, बेस मध्यावर, सराउंड आणि बेस बूस्ट बंद. एवढ्यानं खरखर गेली तर स्पीकर शाबूत आहे.

पडद्याचा दोष मात्र कमी आवाजातही लपत नाही. आवाज पंधरावर असला तरी पुरुषाच्या खर्जातल्या बोलण्यात ‘खर्र’ येतं, तेही एकाच बाजूला आणि ठरावीक सुरावरच. चढता सूर वाजवताना दोनशेच्या आसपास खरखर आली, पुढे गेली, आणि परत लावल्यावर त्याच जागी पुन्हा आली, तर समजावं की काहीतरी यांत्रिक हलतंय. मात्र ते पडद्याऐवजी सैल झाकण किंवा भिंतीवरचा स्टँडही असू शकतो. सूर चालू असताना झाकण तळव्यानं दाबून धरायचं. खरखर थांबली तर दोन स्क्रू आवळून काम संपतं.

आलेल्या एका बत्तीस इंची संचात दोन दोष एकावर एक होते. तक्रार चाळीसच्या पुढे आवाज फाटण्याची. सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं जोडलेला, बॉक्सचा आवाज फुल. इअरफोनमध्ये हळू आवाजातही फाटत होतं, म्हणजे बॉक्सकडून येणारा सिग्नल टीव्हीच्या इनपुटला झेपत नव्हता. बॉक्सचा आवाज पाऊण केला आणि उरलेला टीव्हीवर वाढवला, तसा इअरफोन स्वच्छ झाला. स्पीकरवरही बरंच सुधारलं, पण तबल्याच्या डग्ग्यावर खरखर उरलीच. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला तर स्वच्छ, पूर्ण उजवीकडे नेला तर पंधरावरही खर्र. झाकण दाबून फरक नाही. तेव्हाच पाठ उघडली.

प्लग काढून, पॉवर सप्लायमधला चार्ज उतरेपर्यंत थांबून, स्पीकरचा कनेक्टर सोडवला. मीटरवर सात ओहम आले. आठ ओहमच्या स्पीकरला साडेसहा ते साडेसात दिसणं योग्यच, म्हणजे कॉइल तुटलेली नव्हती. पण मीटर पडद्याबद्दल काही सांगत नाही. पडदा फाटलेला असला तरी आकडा चोख येतो. दोन्ही अंगठ्यांनी पडदा समान, हलकेच दाबला. खसखस जाणवली असती तर कॉइल मॅग्नेटला घासतेय असं समजून स्पीकरच बदलला असता. इथं तो गुळगुळीत हलला. टॉर्चखाली दिसलं की कडेची रबरी पट्टी फ्रेमपासून इंचभर सुटलीय.

अशी सुटलेली पट्टी रबराच्या लवचीक गोंदानं चिकटवता येते. झटपट चिकटणारा गोंद इथं नको. तो कडक होतो आणि पट्टी शेजारीच तडकते. जुन्या कागदी पडद्याच्या चिरेवर पातळ टिश्यू कागद आणि पाणी घातलेला पांढरा गोंद चालतो, पण नखापेक्षा मोठ्या चिरेला तो जुगाड टिकत नाही. बदलायचा तर ओहम तेवढेच हवेत. आठच्या जागी चारचा टाकला की ॲम्प्लिफायरमधून दुप्पट करंट जातो आणि आयसी तापून बंद पडतो. प्लस-मायनसही सांभाळायचे. एका बाजूला उलटे लागले तर आवाज पोकळ होतो आणि बेस गायब.

स्पीकर चांगला, सेटिंगही ठीक, तरी मोठ्या ठेक्याला आवाज दबतो आणि कधी चित्राचा उजेडही लवतो, तेव्हा वीजपुरवठ्यातले फुगलेले कपॅसिटर बघायचे. खात्रीसाठी दुसरा, आठ ओहमचा चाचणी स्पीकर लावावा. त्याच बाजूला तोही खरखरला तर दोष बोर्डावर आहे. ही जोडणी करताना स्पीकरची कुठलीही तार चॅसिसला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवू नये. या ॲम्प्लिफायरमध्ये सहसा दोन्ही तारा जिवंत असतात. जुन्या ट्यूबच्या संचावर शिकलेला हात ‘मायनस म्हणजे अर्थ’ समजून ती टेकवतो आणि चांगला आयसी जातो.