५७च्या पानावर २९

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात. गाडीत डॅशबोर्डच्या मागे वायरींचा जो जुडगा असतो, तो. गेल्या पावसाळ्यात तिसरी लाइन सुरू करायची होती आणि तिच्यासाठी १२० ऑपरेटर हवे होते, तेही आठवडाभरात. कंत्राटदाराकडून माणसं घेतली असती तर काम सोपं होतं, पण ग्राहक कंपनीला या लाइनवर आमच्याच रोलवरची माणसं हवी होती. म्हणून आयटीआयच्या प्राचार्यांना फोन केले, जुन्या ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला आणि एका रविवारी कारखान्याच्या मैदानात मांडव घालून भरती मेळावा ठेवला. साडेपाचशेच्या आसपास मुलं-मुली आली. लातूर, बीड, हिंगोलीकडची बरीचशी रात्रीच्या एसटीने येऊन पहाटेपासून गेटवर बसली होती.

भरती मोठी असली की टप्प्यांचा क्रम फार महत्त्वाचा. ज्या चाचणीला कमी वेळ लागतो आणि जिच्यात नापास झालेला माणूस पुढे कशानेच चालणार नसतो, ती आधी घ्यायची. मुलाखत सगळ्यात शेवटी, कारण तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आमचा क्रम असा होता: कागदपत्रं आणि वय, मग रंगदृष्टी, मग साधं वाचन-गणित, मग पिन बसवण्याची चाचणी आणि शेवटी पाच मिनिटांचं बोलणं. निवड झाली की त्याच दिवशी हातात ऑफर लेटर. 'कळवतो' म्हणून परत पाठवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या कंपनीच्या गेटवर उभा असतो.

कागदपत्रांच्या टेबलावर नेहमीचीच गर्दी तुंबली. आधारवर 'विठठल', मार्कशीटवर 'विठ्ठल'. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, दाखल्यावर वेगळी. नाव-तारीख जुळली नाही तर पुढे पीएफ खातं अडकतं, हे खरंच. पण त्यासाठी मुलाला त्याच दिवशी घरी पाठवण्यात अर्थ नसतो. दोन्ही कागदांवरून तो १८ पूर्ण असेल तर आत घ्या, दुरुस्ती रुजू झाल्यावर करून घेऊ, असं सांगून मी रांग मोकळी केली. एकाही कागदावर १८च्या आत दिसला तर मात्र नाही. तिथे दया दाखवायची सोय नसते.

रंगदृष्टीचा टप्पा दुसरा ठेवला, कारण हार्नेसचं सगळं काम रंगांवर चालतं. तपकिरी वायरीच्या जागी हिरवी गेली तर चूक लाइनच्या शेवटी इलेक्ट्रिकल टेस्टिंगला पकडली जाते, पण मग अख्खा हार्नेस उलगडावा लागतो. तपासणी इशिहाराच्या पुस्तकाने होते. रंगीत ठिपक्यांची पानं असतात, त्यांत ठिपक्यांचाच आकडा दडलेला असतो. पान साधारण हातभर लांब धरायचं आणि तीनेक सेकंदांत आकडा सांगायचा. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, रंग ओळखता येवोत न येवोत. काय करायचं ते माणसाला कळलंय का, एवढंच त्याने कळतं. खरी परीक्षा दुसऱ्या पानापासून. तिथे नेहमीच्या नजरेला ८ दिसतो आणि लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्याला ३. पुढच्या पानावर ६ चा ५ होतो, त्याच्या पुढे २९ चे ७०.

सकाळीच आमच्या डॉक्टरांनी हे टेबल मांडवातून उचलून ऑफिसच्या व्हरांड्यात नेलं होतं. मांडववाल्याने लाल-पिवळं कापड ताणलं होतं आणि त्याखाली सगळ्यांचे पांढरे शर्ट गुलाबी दिसत होते. अशा उजेडात रंग तपासणं म्हणजे तोंडात गूळ धरून चहाची साखर बघणं. त्यामुळे उजेडाचा प्रश्न मिटला होता. तरीही अकराच्या सुमाराला तक्ते जमवताना मला एक आकडा खटकला. दोनशे जणांची रंगदृष्टी तपासून झाली होती आणि नापास फक्त एक. आजवरच्या भरत्यांत शंभर मुलग्यांमागे तीन-चार तरी निघतातच. मुलींमध्ये हा दोष क्वचित असतो, पण त्या दोनशेत मुलीच जेमतेम चाळीस होत्या.

"पोरं चांगली आलीत यंदा," टेबलावर पानं दाखवणारा आमचा मुलगा म्हणाला. मला ते पटेना. मी लाइनचे सुपरवायझर आप्पा यांना घेऊन व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

दहा-बारा जण गेले. सगळे धडाधड सांगत होते, कुणी क्षणभरही थबकत नव्हतं. हवेतल्या ओलीने पुस्तकाची पानं जरा चिकटत होती. एका मुलाच्या वेळी टेबलावरच्याने ६ चं पान उलटलं आणि दोन पानं एकदम गेली. समोर आलं ५७ चं पान. मुलगा ठणठणीत आवाजात म्हणाला, "एकोणतीस."

त्या पानावर चांगल्या नजरेला ५७ दिसतात आणि लाल-हिरव्याचा दोष असेल तर ३५. एकोणतीस कुणालाच दिसत नाहीत. मुलगा पानाकडे बघत होता, पण आकडा आठवणीतून सांगत होता.

आप्पांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठून आला रे हा एकोणतीस? घाबरू नको, खरं सांग." त्याने मोबाईल काढून दाखवला. त्याच्या तालुक्यातल्या मुलांच्या ग्रुपवर मेसेज होता: १२, ८, ६, २९, ५७, ५, ३, १५, ७४. पुस्तकाच्या छापील क्रमाने, एकही चूक नाही. सकाळी पहिल्या रांगेत होता त्याने बाहेर येऊन टाकला होता. यात पैसे घेऊन फोडलेला पेपर वगैरे काही नव्हतं. या आवृत्तीचं पुस्तक जगभर त्याच क्रमाने छापलेलं असतं आणि इंटरनेटवर कुणालाही मिळतं. मित्राला मदत म्हणून टाकलेला मेसेज होता तो. त्या मुलाला खरं तर सगळी पानं नीट दिसत होती, नंतर तपासलं तेव्हा कळलं. तरी भीतीपोटी त्याने पाठ केलं होतं.

आता निर्णय घ्यायला वेळ नव्हता. पास झालेले जवळपास दोनशे जण पुढच्या टप्प्यांवर पसरले होते. पाने उलटसुलट करून सगळ्यांची पुन्हा तपासणी घ्यायची तर एका डॉक्टरला तीन-साडेतीन तास लागले असते आणि मागची रांग तशीच उभी राहिली असती. आप्पा काही न बोलता शॉप फ्लोअरवर गेले आणि कटिंग मशीनखालच्या स्क्रॅपचा डबाच घेऊन आले. वीतभर लांबीचे वायरींचे तुकडे. तपकिरी, हिरवे, लाल, नारिंगी, करडे, गुलाबी, शिवाय हिरव्यावर पिवळी पट्टी, तपकिरीवर लाल पट्टी असे पट्टीवाले. "हे पाठ करून दाखवा म्हणावं," ते म्हणाले.

पिनांच्या बेंचआधी व्हरांड्याच्या उजेडात ट्रे मांडले. मूठभर तुकडे घ्यायचे आणि दीड मिनिटात रंगांप्रमाणे वेगळे करायचे. प्रत्येकाला वेगळी मूठ. आठ जण एका वेळी बसू शकत होते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशेही संपले. डॉक्टरांनी मात्र एक अट घातली आणि ती बरोबरच होती. वायरी वेगळ्या करणं ही चाळणी आहे, निदान नाही. ज्याचा गोंधळ उडेल त्याला आमच्याकडे पाठवा, आम्ही पानं मागेपुढे करून पुन्हा बघू. कुणी घाईत चुकतं, कुणाला चष्मा लागलेला असतो आणि त्याने तो घरी ठेवलेला असतो. अकरा जण अडखळले. डॉक्टरांकडून सात पक्के झाले.

त्यातल्या चौघांना स्वतःलाच माहीत नव्हतं. एक फिटर ट्रेडचा मुलगा ऐकायलाच तयार होईना. "मॅडम, मी रोज गाडी चालवतो, सिग्नल दिसतो मला." मी त्याला म्हटलं, सिग्नलला लाल वर असतो आणि हिरवा खाली, जागेवरून कळतं. त्याने खाली ट्रेमध्ये पाहिलं. त्याच्या तपकिरी ढिगात सात-आठ हिरवे तुकडे होते. बराच वेळ तो ते उचलून जवळ-लांब धरून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला घ्यायचं नाही का?"

हार्नेसच्या लाइनवर घेता येणार नव्हतं. पण मोल्डिंग आणि स्टोअरमध्ये जागा होत्या, आणि तिथे काम बारकोड आणि पार्ट नंबरवर चालतं. प्लांट हेडना तिथूनच फोन लावला. "सात आहेत? चौघांना घ्या, बाकीच्यांना महिनाअखेरीस सांगू," असं ठरलं. चौघांपैकी तिघांनी होकार दिला. फिटरवाला त्यांत होता.

दुपारचा भाग सुरळीत झाला. पिन बसवण्याच्या चाचणीत वीस खाचांचा कनेक्टर देतात. टर्मिनल ढकलायचा, क्लिक ऐकायचा, मग हलकेच ओढून बघायचा. ओढून बघायला विसरणारा कितीही वेगवान असला तरी मी त्याला मागे ठेवते, वेग पंधरा दिवसांत येतो.

बोलण्याच्या टेबलावर मुलांचा एकच प्रश्न असतो, हातात किती? आम्ही छापील तक्ताच ठेवला होता. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ, एकूण पगारावर पाऊण टक्का ईएसआय, कँटीनचे आणि बसचे किती, आणि उरतात किती. उरलेला आकडा आधी सांगितला की मुलगा पहिल्या पगाराला भांडत नाही. दुसरा प्रश्न माझा असतो, कुणाबरोबर आलास? हे फॉर्मवर लिहून घेतो. एका गावची तीन पोरं एका खोलीत राहणार असतील आणि त्यांतल्या एकालाच घेतलं, तर तोही येत नाही, कारण खोलीचं भाडं एकट्याला परवडत नाही. म्हणून काठावरचा मुलगा आपल्या जोडीदाराबरोबर आला असेल तर मी त्याला वर उचलते. कडक मेरिटवाल्यांना हे आवडत नाही. त्यांनी एकदा चाकणमध्ये खोली शोधून बघावी.

संध्याकाळी सातपर्यंत १७५ ऑफर लेटर दिली. जागा १२०, लेटर १७५, हे पाहून अकाउंट्सवाले दचकतात. पण आमच्याकडे तिघांत एक येत नाही, हे धरूनच चालावं लागतं. दुसऱ्या सोमवारी ११८ रुजू झाले. न आलेल्यांना फोन केले तेव्हा कारणं ओळखीचीच निघाली: पोलीस भरतीची तयारी, रात्रपाळीला घरून नकार, शेजारच्या कंपनीत पाचशे रुपये जास्त. उरलेल्या दोन जागा बुधवारी राखीव यादीतून भरल्या.

इशिहाराचं पुस्तक आता आमच्या भरतीत दुसऱ्या टप्प्यावर नाही. तिथे वायरींचे ट्रे आले आणि पुस्तक फक्त डॉक्टरांच्या खोलीत, पानं मागेपुढे करून. रंगदृष्टीच्या टेबलावर नापास किती झाले, हा आकडा मी दर तासाला मागवते. तो फार चांगला आला की उठून जाऊन बघते.