पाय मोडलेला ‘प’

कुटुंबाच्या गटावर आजी बरेच दिवस केवळ वाचक होती. रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे ती मन लावून पाहत असे, मात्र त्यांतलेच एखादे पुढे ढकलण्याचा बाबांचा सल्ला तिने ध्वनिसंदेश पाठवून फेटाळला होता : “दुसऱ्याने लिहिलेले मी माझे म्हणून का पाठवू?” त्यामुळे त्या दिवशी पहाटे ५:१२ वाजता तिच्या नावाने एकामागून एक संदेश उमटू लागले, तेव्हा मी अंथरुणातच उठून बसलो.

“स”

“सु”

“सुपरभात”

पहिले दोन संदेश म्हणजे चुकून दाबला गेलेला पाठवण्याचा बाण, हे उघड होते. तिसऱ्यातली अडचण मात्र खरी होती. कागदावर ‘प्र’ लिहिताना ‘प’च्या पोटात एक तिरपी रेघ ओढली की काम भागते, आजीच्या फोनवरच्या कळफलकावर ती रेघ कुठेच नसते. तेथे ‘प’, मग हलन्त आणि मग ‘र’ अशा तीन कळा दाबाव्या लागतात, आणि हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याला ते आपोआप सुचणे कठीण आहे.

मी लिहिले, “आजी, पाय मोडायचे चिन्ह वापर. खाली तिरकी शेपटी असलेली कळ.”

तेवढ्यात जागी झालेल्या आत्याचा संदेश आला, “कोणाचा पाय मोडला? आई बरी आहे ना?”

“‘प’चा,” बाबांनी उत्तर दिले.

त्यानंतर बराच वेळ आजीच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ एवढेच दिसत होते. मधूनच ते नाहीसे होई आणि पुन्हा उमटे. अखेर ५:३१ ला संदेश आला :

“सुर्पभात”

तिने पाय मोडला होता, पण ‘र’चा. आधी ‘र’, मग हलन्त, मग ‘प’ असा क्रम झाला की ‘र’ रफार होऊन ‘प’च्या डोक्यावर चढतो. कळा त्याच तीन, फक्त क्रम वेगळा. (‘सुर्पभात’ हा शब्द मला आजही आवडतो, हे येथे कबूल करतो.)

“आजी, जे अक्षर अर्धे उच्चारतेस, त्याचा पाय मोड. सु-प्-र.”

या वेळी उत्तर लवकर आले. ५:३४.

“सुप्रभात”

आठ कळा आणि बावीस मिनिटे. पाठोपाठ सगळ्या घरांतून अंगठे, हात जोडलेली चित्रे आणि टाळ्या येऊ लागल्या. माझ्या चुलतभावाने तर अर्धवट झोपेतच लिहिले, “आजी, नमस्कार करतो, आशिर्वाद दे.”

आजीच्या नावाखाली पुन्हा ‘टाइप करत आहे’ उमटले. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो.

“आशीर्वाद. शी दीर्घ.”

रफार अगदी जागच्या जागी होता.