‘मी नाही करलं’: वाचा-उपचार केंद्रातील एक नोंद

तीन वर्षे आठ महिन्यांचा तो मुलगा आमच्या पुण्यातील केंद्रात आला, तेव्हा त्याच्या कागदांवर ‘वाचाविलंब’ एवढेच लिहिलेले होते. त्याचे आई-वडील दोघेही जन्मतः कर्णबधिर आहेत आणि घरात भारतीय सांकेतिक भाषा वापरली जाते. मुलाची श्रवणचाचणी मात्र दोन्ही कानांसाठी पूर्णपणे सामान्य आली. मराठीशी त्याचा संबंध मुख्यतः दूरचित्रवाणीपुरता होता, कारण ‘बोलणे कानावर पडावे’ म्हणून तो संच दिवसभर चालू ठेवण्याचा सल्ला कोणीतरी आई-वडिलांना दिला होता.

पहिल्या तपासणीत त्याच्याकडे मराठी शब्द बरेच दिसले, पण ते जोडण्याची रीत नव्हती. ‘कुत्रा पाणी’, ‘गाडी मोठा’ असे तो बोले, आणि जाहिरातींतील संपूर्ण वाक्ये मात्र हुबेहूब म्हणे. त्या वाक्यांतला एकही शब्द बदलून त्याला दुसरे वाक्य करता येत नसे. नंतर मी दुभाषी सहकारिणीला बोलावून त्याला आईशी हातांनी बोलू दिले. चेंडू कपाटामागे गेल्यावर त्याने आधी चेंडूची आणि मग शेवटी ‘कुठे’ची खूण केली, या भाषेत प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटीच येतो. ‘देणे’ ही खूण त्याने आईकडून स्वतःकडे अचूक वळवली, म्हणजे कोणी कोणाला द्यायचे हे त्याने हाताच्या दिशेने सांगितले. व्याकरण शिकण्याची त्याची क्षमता शाबूत होती. ते व्याकरण त्याला त्या भाषेत आले होते, जिच्यात कोणीतरी त्याच्याशी बोलत होते.

असे प्रकरण यापूर्वी नोंदले गेले आहे. अमेरिकेतील जॅकलिन सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये कर्णबधिर पालकांच्या ‘जिम’ या ऐकू येणाऱ्या मुलाविषयी लिहिले. त्याच्यापर्यंत इंग्रजी मुख्यतः दूरचित्रवाणीतूनच पोहोचली होती आणि त्याची वाक्यरचना विस्कळीत होती. प्रौढ व्यक्तीशी नियमित संवाद सुरू झाल्यावर ती झपाट्याने सुधारली. जिमशी बोलत वाढलेल्या त्याच्या धाकट्या भावाला तशी अडचण आली नाही. आमच्या मुलात फरक एवढाच होता की जिमच्या उलट त्याला घरी एक संपूर्ण भाषा मिळालेली होती. म्हणून मी पालकांना सांकेतिक भाषा तशीच चालू ठेवायला सांगितले आणि शेजारी राहणाऱ्या आत्याला रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर खेळायला व खेळता खेळता मराठीत बोलायला सांगितले.

मला जो दिवस नोंदवायचा आहे, तो काही महिन्यांनंतरच्या फेरतपासणीचा. आत्या आणि तो ठोकळे रचत होते, मी ध्वनिमुद्रण करत होते. पेला कलंडला आणि आत्याने विचारले, “हे कोणी रे केलं?” तो म्हणाला, “मी नाही करलं.” आत्या म्हणाल्या, “तू नाही केलंस? मग कोणी केलं?” आणि तो ठामपणे म्हणाला, “चेंडूनी करलं.”

आत्या ओशाळून माझ्याकडे पाहू लागल्या; मला अतिशय आनंद झाला होता. त्याच्या अवतीभवती ‘करलं’ कोणी म्हणत नाही. म्हणजे ते रूप पाठ केलेले नव्हते, त्याने स्वतः घडवले होते, आणि जाहिरातीची वाक्ये पोपटासारखी म्हणणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी मजल होती.

पण व्याकरण उपजत असते की ऐकून घडते, हा जुना वाद या रूपाने मिटत नाही, आणि तसा दावा करणे मला अप्रामाणिक वाटते. भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांच्या परंपरेतील अभ्यासक म्हणतील की मुलाला नियम बनवण्याची उपजत शक्ती आहे आणि ‘करलं’ ही तिचीच खूण आहे. वापरावर भर देणारे म्हणतील की ‘भरलं’, ‘धरलं’, ‘मारलं’ ऐकून त्याने साम्याने रूप बनवले, त्यासाठी उपजत व्याकरण मानायची गरज नाही. त्याने ‘देलं’ म्हटले असते तरी ‘नेलं’ समोर आहेच. मराठीत अशा जोड्या इतक्या सहज सापडतात की एका चुकीवरून निवाडा करता येत नाही.

आत्यांच्या उत्तराबद्दल मात्र मी अधिक खात्रीने बोलू शकते. त्यांनी ‘असं नाही म्हणायचं’ म्हटले नाही. मुलाचा आशय पकडून योग्य रूप लागोपाठ दोनदा उच्चारले. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी 1970 मध्ये दाखवले की पालक व्याकरणापेक्षा मूल खरे बोलते की नाही यावर हरकत घेतात. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की मुलाला दुरुस्ती मिळतच नाही, म्हणून बरेचसे ज्ञान उपजतच असले पाहिजे. माझ्या ध्वनिमुद्रणात दुरुस्ती आहे, पण ती उत्तराच्या पोटात दडलेली आहे. मुलाने ती त्या क्षणी घेतली नाही हेही त्याच मुद्रणात आहे, त्यामुळे ती किती उपयोगी पडते हे एका बैठकीवरून सांगता येणार नाही.

म्हणून मी आत्यांना ‘करलं’ थांबवायला सांगितले नाही. पुढच्या बैठकीपासून ‘करलं’ आणि ‘केलं’ वेगवेगळे मोजायचे, त्यांच्या आधी आत्या काय बोलल्या तेही लिहून ठेवायचे, एवढे त्या दिवशी ठरवले.