नावावर सातबारा नसताना भरलेला पीक विमा

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्यात मी सामूहिक सेवा केंद्र चालवतो. २०२४ च्या खरिपात पीक विमा एक रुपयात होता आणि त्याच जुलै महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्जही सुरू झाल्याने केंद्रावर सकाळपासून रांग लागत असे. त्या रांगेत उभ्या असलेल्या एका विधवा मावशींनी माझ्यासमोर पासबुक, आधार कार्ड आणि दुसऱ्याच्या नावाचा सातबारा ठेवला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मालकाची तीन एकर जमीन त्यांनी ठोक्याने केली होती. बियाणे, खत, फवारणी सगळे त्यांचे. मात्र शेतीचा व्यवहार तोंडी होता.

पोर्टलवर मालक आणि भाडेकरू असे वेगळे प्रकार आहेत आणि भाडेकरू निवडला की नोंदणीकृत भाडेकरार जोडावाच लागतो. गावात साध्या स्टॅम्प पेपरवर केलेले लिखाण त्यासाठी चालत नाही. मावशी म्हणाल्या, "दादा, मालकाच्या नावानंच भरून टाका, पैसे आले की ते मला देतील." मी तसे केले नाही, कारण अर्ज ज्याच्या नावाने त्याच्याच आधारसंलग्न खात्यात भरपाई जमा होते आणि पुढे मालकाने ती दिली नाही तर मावशींच्या हातात दाद मागण्यासाठी एकही कागद राहत नाही.

मग मी मालकांना फोन लावला. त्यांची अडचण एकच होती: करार नोंदवला तर उद्या कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. मराठवाड्यात ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या भीतीची सगळी किंमत कसणाऱ्याने मोजावी हे मला पटत नाही. मी त्यांना गावाकडच्या वकिलांशी बोलण्यास सांगितले. वकिलांनी एका हंगामापुरता, गट क्रमांक, क्षेत्र आणि मुदत स्पष्ट लिहिलेला मसुदा तयार केल्यावर ते आले आणि दुय्यम निबंधक कार्यालयात करार नोंदवला गेला. त्या वर्षी विम्याची मुदत १५ जुलैवरून ३१ जुलैपर्यंत वाढली नसती, तर एवढे करूनही अर्ज राहिलाच असता.

करार हाती आल्यावर पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र लिहायला घेतले. मावशींनी आधी "सगळं सोयाबीन" असे सांगितले. मी विचारले, "तूर टाकली नाही का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच तासं सोयाबीन आणि एक तास तूर." म्हणजे सोयाबीनच्या पाच ओळींमागे तुरीची एक ओळ. तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर, त्या हिशेबाने सोयाबीन १ हेक्टर आणि तूर २० आर असे दोन स्वतंत्र क्षेत्र लिहिले. विमा अर्ज आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर केलेली पिकाची नोंद, यांत तफावत आली तर पाहणीतील नोंदच अंतिम धरली जाते, म्हणून हे आर जुळवणे गरजेचे असते. पाहणीचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावे लागते. पुण्यातील मालकाला ते शक्य नव्हते. त्यामुळे पुढे ऑगस्टमध्ये मालकाच्या सातबाऱ्यावरील नोंद मावशींच्या मुलाने बांधावरून नव्हे, पिकात उभे राहून केली.

अर्ज भरण्याआधी सोडवायचा बँकेचा प्रश्न याहून अवघड निघाला. पासबुक जिल्हा बँकेचे होते आणि "आधार जोडलंय" असे बँकेने त्यांना सांगितलेही होते. मी आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक जोडणीची स्थिती पाहिली, तेव्हा तिथे भलत्याच बँकेचे नाव आले. काही वर्षांपूर्वी मोबाइलचे कार्ड घेताना उघडलेले ते खाते मावशींच्या लक्षातही नव्हते. खात्याला आधार क्रमांक नोंदवणे आणि शासनाची रक्कम कोणत्या बँकेत जावी हे ठरवणारी जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरी एका वेळी एकाच बँकेकडे असते. मावशींनी जिल्हा बँकेत नव्याने संमती अर्ज दिला आणि स्थिती बदललेली दिसल्यावरच मी विम्याचा अर्ज भरला, आधारवर आहे तसेच नाव टाकून. एक रुपया घेऊन पावती दिली. केंद्राचे शुल्क विमा कंपनी देते, शेतकऱ्याकडून वेगळे घ्यायचे नसते.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि त्यांचे सोयाबीन पाण्यात बसले. पावतीवरील अर्ज क्रमांक घेऊन आम्ही ७२ तासांच्या आत नुकसानीची पूर्वसूचना नोंदवली. विमा प्रतिनिधी पाहणीला आला तेव्हा पंचनाम्यावर शेतकरी म्हणून मावशींचे नाव लागले आणि भरपाई त्यांच्या खात्यात जमा झाली. शासनाचे अतिवृष्टी अनुदान मात्र सातबाऱ्यावरील खातेदार म्हणून मालकाच्याच खात्यात गेले, कारण तलाठ्याच्या यादीत कसणाऱ्यासाठी रकानाच नव्हता.